बंद झालेल्या स्विच सिरीजचा माल इंदुरात कुठे उरलाय हे कंपनीकडून कसं काढायचं: पत्र कसं लिहायचं ते

घरात पंधरा वर्षांपूर्वी मॉड्युलर स्विच बसवले, आता त्यातले दोनचार गेले, आणि दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस बघतो न बघतो तोच म्हणतो "ये तो बंद हो गया, पूरा बोर्ड बदल लो". हे सध्या इंदुरातल्या बऱ्याच घरांत चाललंय. दुसऱ्या कंपनीचा स्विच त्या फ्रेममध्ये बसत नाही, त्याच कंपनीच्या नवीन सिरीजचा पण बहुतेक वेळा बसत नाही कारण मागची क्लिप आणि रुंदी वेगळी असते, आणि अख्खं घर बदलायचं म्हटलं की खर्च वाढत जातो. पण सिरीज बंद झाली म्हणजे माल संपला असं नसतं. तो कुठल्यातरी गोदामात, कुठल्यातरी दुकानाच्या वरच्या फळीवर पडलेला असतो, आणि तो कुठे आहे हे शोधायचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे कंपनीच्या कस्टमर केअरला नीट लिहिलेलं एक पत्र, म्हणजे ईमेल. मी बरीच वर्षं महाराणी रोडवर एका इलेक्ट्रिकल डिस्ट्रिब्युटरकडे बिलिंगला होते, त्यामुळे असं पत्र कंपनीकडून फिरत फिरत आमच्या टेबलापर्यंत कसं यायचं आणि कुठलं पत्र वाटेतच अडकायचं हे मी जवळून बघितलंय. ज्यांनी असं पत्र कधी लिहिलं नाहीये त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

आधी हे समजून घ्या की कंपनीला नेमकं काय माहीत असतं

बहुतेक लोक लिहितात, "तुमचा अमुक स्विच माझ्या जवळच्या कुठल्या दुकानात मिळेल?" आणि उत्तर येतं ते डीलरांच्या यादीचं, ज्यात पहिलं दुकान विजय नगरचं आणि तिथे जाऊन बघावं तर सगळा नवीन माल. यात कस्टमर केअरवाल्याची काही चूक नसते. कंपनी माल विकते डिस्ट्रिब्युटरला, डिस्ट्रिब्युटर विकतो दुकानदाराला. कंपनीच्या कॉम्प्युटरवर पहिल्या टप्प्याची बिलं असतात, म्हणजे अमुक कॅटलॉग नंबरचे इतके नग अमुक महिन्यात इंदूरच्या अमुक पार्टीला गेले. पुढे त्या पार्टीने ते कोणाला विकले, त्यातले किती उरलेत, हे कंपनीला सहसा दिसत नाही, ते डिस्ट्रिब्युटरच्या बिलिंगमध्ये असतं. दुकानदाराच्या फळीवर आज काय आहे ते तर फक्त दुकानदारालाच माहीत, आणि बंद मालाच्या बाबतीत कित्येकदा त्यालाही नाही.

म्हणून कंपनीला "दुकान कुठलं" असं विचारायचं नाही, "या नंबरचा शेवटचा माल आमच्या भागात कोणाला बिल झाला" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला कंपनीकडे उत्तरच नसतं, दुसऱ्याचं असतं. पूर्ण पत्राचा कणा हाच आहे, बाकी सगळं या एका प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

पत्राच्या आधी बोर्ड उघडा

"पांढरा स्विच, छोटा" इतक्यावर कोणीच काही शोधू शकत नाही. आधी एमसीबी बंद करा, टेस्टर लावून करंट नाही याची खात्री करा, आणि हे स्वतःला जमत नसेल तर वायरमनला बोलवा, यात हिंमत दाखवायची गरज नाही. वरची प्लेट चपट्या स्क्रू ड्रायव्हरने खालच्या खाचेतून हलकेच उचलली की निघते. जोर लावू नका, जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि प्लेटचा कोपरा तुटला तर शोधायची वस्तू एकाने वाढेल. मग फ्रेम सोडवून खराब स्विच मागून दाबून बाहेर काढायचा आणि त्याची मागची बाजू आणि बाजूच्या कडा नीट बघायच्या.

तिथे कंपनीचं नाव असतं, कधी सिरीजचं नाव, अँपिअर आणि व्होल्ट, आणि आयएसआयचा शिक्का. शिक्क्याच्या वर स्टँडर्डचा नंबर असतो, स्विचसाठी आयएस 3854 आणि प्लग-सॉकेटसाठी आयएस 1293, आणि खाली सीएम-एल ने सुरू होणारा लायसन नंबर. हा लायसन नंबर टिपून ठेवा, पुढे कामाला येतो. कॅटलॉग नंबर मात्र पुष्कळदा स्विचवर नसतोच, तो फक्त खोक्यावर असतो. घर बांधतानाची खोकी माळ्यावर असतील तर बघा, नाहीतर त्या वेळी काम केलेल्या वायरमनला विचारा. जुन्या वायरमन लोकांकडे कंपन्यांच्या प्राइस लिस्टच्या पुस्तिका वर्षानुवर्षं पडलेल्या असतात, आणि त्यात सिरीजप्रमाणे सगळे कॅटलॉग नंबर चित्रासकट दिलेले असतात. इंटरनेटवर पण जुन्या प्राइस लिस्टची पीडीएफ मिळून जाते, सिरीजचं नाव आणि साल टाकून शोधायचं.

दोन गोष्टींत लोक फार गडबड करतात. एक, वन वे आणि टू वे. दिसायला दोन्ही स्विच सारखेच, पण मागे वायर कसायच्या जागा मोजा: दोन असतील तर वन वे, तीन असतील तर टू वे, जो जिन्यात लावतात. याचे कॅटलॉग नंबर वेगळे असतात. दुसरी, प्लेट. वरून दिसते ती कव्हर प्लेट आणि मागे स्विच अडकतात ती फ्रेम, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कधी एकत्र विकतात कधी वेगळ्या, आणि प्लेटचं माप मॉड्यूलमध्ये सांगतात, एका साध्या स्विचची जागा म्हणजे एक मॉड्यूल, त्यावरून 3 मॉड्यूल, 6 मॉड्यूल, 8 मॉड्यूल असं. आपल्याला फक्त आतला स्विच पाहिजे का प्लेट पण, हे आधीच ठरवा.

फोटो तीन पुरे: भिंतीवरचा अख्खा बोर्ड, स्विचची पुढची बाजू स्टीलची पट्टी शेजारी ठेवून, आणि मागची बाजू ज्यात अक्षरं वाचता येतील. मागचा फोटो खिडकीच्या उजेडात तिरका धरून काढा, फ्लॅश मारला की उठावाची अक्षरं पुसल्यासारखी दिसतात.

पत्ता कुठला

गुगलवर "अमुक कंपनी कस्टमर केअर नंबर" असं शोधून जो पहिला नंबर दिसेल तिथे फोन लावू नका. त्यात खोटे नंबर घुसवलेले असतात आणि समोरचा माणूस पार्सल पाठवतो म्हणून आधी पैसे मागतो नाहीतर मोबाइलवर कुठलं तरी ॲप घ्यायला लावतो. शिल्लक मालाची चौकशी करायला कुठलीही कंपनी ओटीपी मागत नाही. असं काही होऊन पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवायचं.

खरा पत्ता खोक्यावर असतो. पॅकबंद मालाचे 2011 चे जे वजनमापाचे नियम आहेत त्यानुसार पॅकवर तक्रारीसाठी संपर्काचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापावाच लागतो. आता तुमच्याकडे जुनं खोकं असलं तरी त्यावरचा ईमेल एव्हाना बदललेला असू शकतो, म्हणून मी सांगेन की कुठल्याही दुकानात जाऊन त्याच कंपनीच्या आत्ता चालू असलेल्या वस्तूच्या खोक्याचा फोटो घ्या. साधा होल्डर असो का बल्ब, कस्टमर केअर बहुतेक तेच असतं.

कंपनीचं नावच आता बाजारात दिसत नसेल, म्हणजे दुसऱ्या कोणी तो ब्रँड विकत घेतला असेल, तर तो सीएम-एल नंबर आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. लायसन कोणाच्या नावावर आहे, कारखाना कुठे आहे, लायसन चालू आहे का संपलंय, हे तिथे दिसतं. त्यावरून आजची कंपनी शोधायची आणि तिला लिहायचं.

फोन की ईमेल असं विचाराल तर ईमेलच. फोनवरची व्यक्ती कॉल सेंटरला बसलेली असते, तिच्या स्क्रीनवर पिनकोड टाकला की डीलरची यादी येते, ती तुम्हाला वाचून दाखवेल आणि विषय संपला. ईमेल मात्र पुढे ढकलता येतो, कस्टमर केअरकडून ब्रांचला, ब्रांचकडून सेल्सवाल्याला, त्याच्याकडून डिस्ट्रिब्युटरच्या व्हॉट्सॲपवर. तुमचं पत्र या चार हातांतून जाणार आहे आणि कुणालाही तुम्हाला परत फोन करून काही विचारावं लागू नये, असं ते लिहायचं.

पत्र

हे मी माझ्या मावशीसाठी लिहिलेलं पत्र आहे, ती सुदामा नगरला राहते, घराचं वायरिंग 2011 चं. कंपनीचं नाव आणि नंबर काढून टाकलेत, तिथे तुमचे भरा. आपल्याकडे ब्रांचमध्ये सगळे हिंदीवाले, त्यामुळे पाठवताना हिंदीत किंवा साध्या इंग्रजीत पाठवा, इथे समजायला सोपं म्हणून मराठीत देतेय.

> विषय: ____ सिरीज (बंद), 3 कॅटलॉग नंबर, इंदूर 452009: शेवटचं बिलिंग झालेल्या वितरकांची नावं हवी आहेत
>
> नमस्कार,
>
> आमच्या घरी 2011 पासून आपल्या कंपनीची ____ सिरीज बसवलेली आहे, रंग पांढरा. ही सिरीज बंद झाली आहे याची मला कल्पना आहे. हे पत्र तक्रार किंवा वॉरंटीचा दावा नाही. मला फक्त बाजारात शिल्लक असलेला माल विकत घ्यायचा आहे.
>
> हवा असलेला माल:
> 1) 6 अँपिअर वन वे स्विच, 1 मॉड्यूल, कॅटलॉग नंबर ____, 4 नग
> 2) 6/16 अँपिअर सॉकेट, 2 मॉड्यूल, कॅटलॉग नंबर ____, 1 नग
> 3) पंख्याचा स्टेप रेग्युलेटर, 2 मॉड्यूल, कॅटलॉग नंबर ____, 1 नग
> प्लेट आणि फ्रेम चांगल्या आहेत, त्या नको आहेत.
>
> कृपया हे कळवावे:
> अ) वरील नंबरांचं शेवटचं बिलिंग इंदूर, देवास, उज्जैन आणि महू भागातल्या कोणत्या वितरकांना झालं? त्यांचं नाव आणि फोन.
> आ) आपल्या डेपोत यातले काही नग शिल्लक आहेत का, आणि असल्यास ते कोणत्या वितरकामार्फत मिळतील?
> इ) आपल्या चालू सिरीजपैकी कोणतं मॉड्यूल या जुन्या फ्रेममध्ये बसतं का? बसत असल्यास त्याचा नंबर.
>
> डीलरची सर्वसाधारण यादी माझ्याकडे आहे, त्यामुळे ती पाठवण्याची गरज नाही. हे पत्र इंदूर भागाच्या सेल्स प्रतिनिधीकडे पाठवल्यास मी त्यांच्याशी थेट बोलेन. माल तपासून, रोख किंवा यूपीआयने पैसे देऊन लगेच नेण्याची तयारी आहे.
>
> फोटो 3 जोडले आहेत.
> नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल (सकाळी 11 ते संध्याकाळी 6)

यातल्या काही ओळी उगाच नाहीत, त्याबद्दल सांगते.

विषयातच "बंद" आणि कॅटलॉग नंबरांचा उल्लेख असल्यामुळे हे पत्र तक्रारीच्या ढिगात पडत नाही. "तक्रार नाही" हे पहिल्या परिच्छेदात लिहिणं फार महत्त्वाचं. कस्टमर केअरमध्ये पत्र आलं की त्याला एक प्रकार लावतात, आणि "खराब झाला" एवढं दिसलं की ते सर्व्हिसकडे जातं, मग सर्व्हिसवाला फोन करून बिल आणि वॉरंटी विचारतो, तुमच्याकडे दोन्ही नसतं, तिकीट बंद. म्हणून स्विच कसा खराब झाला, किती त्रास झाला, काही लिहायचं नाही. खरेदीची चौकशी म्हणून गेलं तर ते सेल्सकडे जातं, आणि आपल्याला पाहिजे तो माणूस सेल्सलाच बसलेला असतो.

"सिरीज बंद आहे याची कल्पना आहे" ही ओळ नसेल तर तयार साच्यातलं उत्तर ठरलेलं, की हे उत्पादन आता उपलब्ध नाही, तसदीबद्दल क्षमस्व. तुम्ही ते आधीच मान्य केलंत की त्यांना पुढचं वाचावं लागतं. डीलरची यादी नको असं लिहिण्याचं कारणही हेच.

नग नक्की लिहा. "काही स्विच" असं लिहिलं तर डिस्ट्रिब्युटर उठून गोदामात जात नाही, चार नग रोखीत जाणार म्हटलं तर एखाद्या पोराला शिडीवर चढवतो. बंद माल त्याच्यासाठी अडकलेला पैसा असतो, स्टॉक मोजताना दर वर्षी डोळ्यासमोर येतो, कंपनी तो परत घेईलच असं नाही, तेव्हा तो विकायला तुमच्यापेक्षा जास्त उत्सुक असतो. फक्त तुम्ही खरंच घेणार आहात हे त्याला कळलं पाहिजे.

आणि गाव एकच लिहू नका. इंदूरमध्ये माल लवकर उठतो, इथे ठेकेदार आणि कॉलन्या भरपूर. देवास, उज्जैन, महू, धारकडे त्याच डिस्ट्रिब्युटरने टाकलेला माल हळू खपतो, बंद सिरीज जास्त तिकडेच सापडते. देवास आपल्याला चाळीसएक किलोमीटर, उज्जैन पन्नास-पंचावन्न, कोणी ना कोणी नातेवाईक येतजात असतोच.

उत्तर आल्यावर

पाठवलं की लगेच एक तिकीट नंबर येतो, तो जपून ठेवा. आठवडाभर कामाचे दिवस वाट बघा, मग त्याच ईमेलवर रिप्लाय करून, नवीन पत्र न लिहिता, विचारा. नवीन पत्र लिहिलं की नवीन तिकीट होतं आणि नवीन माणूस पहिल्यापासून सुरू करतो.

उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. साच्यातलं क्षमस्व आलं तर रागावून लिहू नका, दोनच ओळी लिहा: "सिरीज बंद असल्याचं मी पत्रातच लिहिलं आहे. माझा प्रश्न अ हा शेवटच्या बिलिंगबद्दल आहे, कृपया इंदूरच्या सेल्स प्रतिनिधीकडे पाठवावा." बऱ्याचदा या दुसऱ्या रिप्लायलाच काम होतं कारण आता ते दुसऱ्या, जरा वरच्या माणसाकडे जातं. डीलरची यादीच आली तर ती पण फेकू नका, त्यात "वितरक" किंवा "होलसेल" असं लिहिलेली एखाददोन नावं असतात, तीच आपल्या कामाची. शोरूमवाली सोडून द्या, शोरूममध्ये बंद माल ठेवतच नाहीत. आणि तिसरं, सगळ्यात चांगलं, सेल्सवाल्याचा फोन. तो आला की त्याला जास्त सांगत बसू नका, तिन्ही कॅटलॉग नंबर व्हॉट्सॲप करा आणि म्हणा की तुमच्या डिस्ट्रिब्युटरांच्या ग्रुपवर टाका. एवढं तो करतो, त्यात त्याचा एक मिनिट जातो आणि डिस्ट्रिब्युटरचा अडकलेला माल निघाला तर त्यालाही बरंच वाटतं.

मावशीच्या पत्राला आधी साचा आला, मग रिप्लायनंतर ब्रांचकडून दोन नावं आली, एक इंदूरचं, एक उज्जैनचं. प्रश्न इ चं उत्तर पण आलं की चालू सिरीजचं एकही मॉड्यूल बसत नाही. हे "नाही" सुद्धा उपयोगाचं असतं बरं का, कारण नाहीतर दुकानदार "लग जाएगा" म्हणून काहीतरी गळ्यात मारतो आणि वायरमन ते घासूनघुसून बसवतो, मग तो स्विच फ्रेममध्ये हलत राहतो, प्लग लावता-काढता मागच्या वायरी ढिल्या होतात आणि तिथे गरम व्हायला लागतं.

डिस्ट्रिब्युटरला फोन

इथे बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी कॅटलॉग नंबर, मग नग, मग बाकीचं. "भैया, वो पुरानी सीरीज का स्विच है क्या" असं विचारलं की "नहीं है" हे उत्तर जिभेवरच असतं, कारण त्याला बघायलाच लागत नाही. नंबर दिला की त्याला कॉम्प्युटरवर टाकून बघावं लागतं, आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आयटम उघडला की शिल्लक किती आणि कोणाकोणाला गेला ते दोन्ही समोर येतं.

इंदूरवाल्याने शिल्लक शून्य सांगितली. इथे बहुतेक लोक फोन ठेवतात. ठेवू नका, लगेच दुसरा प्रश्न विचारा: "आखिरी में ये किस किस को बिल किया था?" हीच ती माहिती जी कंपनीकडे नसते. त्याने तीन दुकानांची नावं सांगितली, एक सियागंजकडचं, एक अन्नपूर्णा रोडचं, एक महूचं. सियागंजवाल्याने सगळा माल एका ठेकेदाराला दिला होता. अन्नपूर्णा रोडवाला फोनवर नाहीच म्हणाला, पण मावशीचा मुलगा जुना स्विच हातात घेऊन गेला तेव्हा मालकाने स्वतः वरच्या फळीवरून धुळीने भरलेलं खोकं काढलं, त्यात स्विच होते. काउंटरवरच्या नवीन पोराला ती सिरीजच माहीत नव्हती. म्हणून छोट्या दुकानात फोनवर विश्वास ठेवू नका, नमुना घेऊन जा आणि मालकाशी किंवा सगळ्यात जुन्या माणसाशी बोला. सॉकेट महूला सापडलं. रेग्युलेटर उज्जैनवाल्याकडे पुस्तकात दोन दाखवत होते आणि गोदामात एकही निघाला नाही, हे पण होतं, त्यामुळे दुसऱ्या गावी जाण्याआधी खोक्याच्या लेबलचा फोटो मागवा, ज्यात नंबर आणि रंग दोन्ही दिसतील. फोटो पाठवला तर माल आहे, "आओ तो सही" म्हणाला तर बहुतेक नाही.

डिस्ट्रिब्युटर सुटा नग किरकोळीत द्यायला का-कू करतात, ते साहजिक आहे. मग त्याच्या कुठल्या दुकानदाराच्या बिलात टाकून तिथून घेऊ असं सुचवा, तयार होतात.

माल हातात घेतल्यावर

छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त द्यायचं नाही. "अब मिलता ही नहीं" म्हणून वर पैसे मागणं कायद्यात बसत नाही, आणि जुन्या खोक्यावर जुनीच एमआरपी असते, जी आजच्या भावाच्या मानाने पुष्कळ कमी असते. त्यामुळे एमआरपीवर सूट मात्र मागत बसू नका, दुकानदार माल आतच ठेवून देईल.

स्विच वीसएक वेळा चालू-बंद करून बघा, प्रत्येक वेळी आवाज सारखा आणि दांडी ठाम बसली पाहिजे. मागचे स्क्रू फिरवून बघा, गंज असेल किंवा स्क्रू जागच्या जागी फिरत असेल तर तो नग सोडा. सॉकेटमध्ये दुकानातलाच एक प्लग घालून बघा, आतली झडप अडकत नाही ना आणि प्लग सैल बसत नाही ना. रेग्युलेटरचं वेगळं आहे: स्टेपवाल्या रेग्युलेटरच्या आत कपॅसिटर असतात आणि ते न वापरता पडून पडून सुद्धा कमजोर होऊ शकतात, म्हणून तो दुकानातल्या पंख्यावर लावून प्रत्येक आकड्याला वेग बदलतोय का ते बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. खूप जुना मिळत असेल तर मी घेणारच नाही. बिल घ्या आणि त्यावर कॅटलॉग नंबर लिहून घ्या, वॉरंटी आहे का, असली तर बिलाच्या तारखेपासून धरणार का, हे तिथेच विचारा.

एक गोष्ट घरी आल्यावर लक्षात येते. भिंतीवरचे स्विच इतक्या वर्षांत पिवळट झालेले असतात आणि खोक्यातला नवाकोरा पांढरा, शेजारी शेजारी लावले की ठिगळ दिसतं. तेव्हा नवीन स्विच हॉलच्या बोर्डात लावूच नका. आतल्या खोलीतला किंवा गॅलरीतला जुना, चालू असलेला स्विच काढून हॉलमध्ये लावा, तो रंगाला जुळतो, आणि नवीन तिकडे आत. वायरमनला दहा मिनिटं जास्त लागतात.

आणि नाहीच मिळालं तर

मावशीचा रेग्युलेटर शेवटपर्यंत मिळाला नाही. अशा वेळी अख्खं घर बदलायचं नसतं, एक बोर्ड बदलायचा. ज्या बोर्डात सगळ्यात जास्त मॉड्यूल आहेत किंवा जो बेडरूममध्ये दाराआड आहे, तो पूर्ण नवीन सिरीजचा करा, प्लेट, फ्रेम, स्विच सगळं. भिंतीतला लोखंडी डबा बहुतेक वेळा तोच चालतो, पण नवीन फ्रेमच्या स्क्रूची भोकं डब्याच्या कानांशी जुळतात का ते प्लेट विकत घेण्याआधी वायरमनला मोजायला सांगा. त्या एका बोर्डातून निघालेले जुने स्विच, सॉकेट, रेग्युलेटर हे बाकीच्या घराचे स्पेअर होतात. मावशीने मागच्या खोलीचा 8 मॉड्यूलचा बोर्ड बदलला, त्यातला रेग्युलेटर हॉलमध्ये गेला, उरलेले स्विच, सॉकेट आणि फ्रेम एका डब्यात घालून ठेवलेत, वर कागदावर सिरीजचं नाव आणि कॅटलॉग नंबर लिहून.